शर्टाचा रंग विचारणाऱ्या रंगाऱ्याला

काल रात्री साडेनऊला तुझा फोन आला तेव्हा मला वाटलं, प्रोसेस हाउसमध्ये एखादा लॉट बिघडला असेल. बरं वाटलं. आठ वर्षांनी का होईना, विद्यार्थ्याला रंगाबद्दल शंका आली. आणि तू विचारलंस काय? "सर, सोमवारी पगारवाढीची मीटिंग आहे. निळा शर्ट घालू की मरून?"

वर एक तक्ताही पाठवलास. लाल म्हणजे सत्ता, निळा म्हणजे विश्वास, काळा म्हणजे अधिकार, पिवळा म्हणजे आनंद. एखाद्या विमा एजंटाने किंवा बँकेतल्या कारकुनाने हा तक्ता पाठवला असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तू दोन वर्षं माझ्या प्रयोगशाळेत बसून शेड जुळवल्या आहेस. लाइट बॉक्सच्या दिव्यांची नावं तुला झोपेतून उठवून विचारली तरी यायची. अशा मुलाने रंगाला तावीज समजून गळ्यात बांधावं? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण तुझ्यासाठीच राखून ठेवली असावी.

फोनवर मी रागावलो आणि तू गप्प बसलास. म्हणून आता नीट लिहितो. पूर्ण वाच, मध्येच "हो सर" म्हणू नकोस.

आधी मागच्या महिन्याचं प्रकरण घेऊ, कारण ते तू मला अगदी सहज, विनोद म्हणून सांगितलंस. तुमच्याकडे परदेशी ब्रँडचा खरेदीदार शेड मंजूर करायला आला होता. बेज आणि फिकट करड्या रंगाचे बारा स्वॉच होते. आणि तू, त्या प्रयोगशाळेचा प्रमुख, भडक लाल शर्ट घालून गेलास, कारण तक्त्यात लिहिलं होतं की लाल रंगाने समोरच्यावर वजन पडतं. खरेदीदाराने स्वॉच बॉक्समध्ये ठेवले, तुझ्याकडे पाहिलं आणि हसून तुला दोन पावलं मागे उभं राहायला सांगितलं.

त्याने तसं का केलं हे तुला त्या क्षणी कळलं का? मला शंका आहे. लाइट बॉक्सच्या भिंती आतून करड्या का असतात, हे मी तुम्हाला पहिल्याच तासाला सांगितलं होतं. भिंत रंगीत असली की तिच्यावरून उसळलेला प्रकाश कापडावर पडतो आणि कापडाची शेड फिरते. बॉक्सपुढे वाकलेल्या माणसाचा शर्ट ही त्या बॉक्सची सहावी भिंत असते. दिव्याचा प्रकाश तुझ्या लाल छातीवरून परतला आणि फिकट करड्या स्वॉचवर गुलाबी झाक चढली. म्हणूनच शेड तपासणाऱ्याने करडा किंवा निदान मंद, रंगहीन कपडा घालावा, असं या कामाची मानकं सांगतात. माझ्या प्रयोगशाळेत खुंटीवर करडे कोट टांगलेले असायचे. ते काय शोभेला होते?

आता नीट बघ. शर्टाच्या रंगाने कामाचा निकाल खरोखर फिरू शकतो, असा तुझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग तो होता. आणि नेमक्या त्याच प्रसंगी तू चुकीचा रंग घातलास. मानसशास्त्राच्या नादात भौतिकशास्त्र विसरलास.

तू म्हणालास, "पण सर, यावर संशोधन आहे." आहे ना. मीही वाचतो. पण तू मथळा वाचून थांबतोस. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग, तायक्वांदो आणि कुस्तीचे दोन प्रकार अशा चार खेळांत खेळाडूंना लाल किंवा निळा पोशाख चिठ्ठी टाकल्यासारखा, कोणताही निकष न लावता मिळाला होता. हिल आणि बार्टन या दोन ब्रिटिश संशोधकांनी त्या लढती मोजल्या. 2005 मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा छोटा लेख आला. लाल पोशाखवाल्यांनी सुमारे 55 टक्के लढती जिंकल्या होत्या. जगभर बातमी झाली आणि तुझ्या तक्त्यातली "लाल म्हणजे सत्ता" ही ओळ त्याच बातमीची नात असावी.

पण त्यापुढचं कोणी वाचायचं? एक तर तो फरक मुख्यतः तुल्यबळ जोड्यांत दिसत होता. एक पैलवान दुसऱ्यापेक्षा स्पष्ट तगडा असेल तर पोशाख कुठलाही असो, तगडाच जिंकतो. दुसरं असं, की 2008 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तायक्वांदोच्या पंचांना चित्रफिती दाखवल्या. तीच लढत, तेच खेळाडू, फक्त संगणकावर पोशाखांचे रंग अदलाबदल केलेले. पंचांनी लालवाल्याला जास्त गुण दिले. म्हणजे लाल घालून खेळाडूच्या अंगात बळ आलं की पंचाच्या डोळ्यांत लाल भरला, हाच वाद. आणि तिसरं सर्वांत महत्त्वाचं. नंतर अनेक वर्षांच्या, हजारो लढतींचा हिशेब मांडला तेव्हा लालचा तो फायदा जवळजवळ विरून गेला. एका स्पर्धेत दिसलेली शेड मोठ्या लॉटमध्ये टिकली नाही. बीकरमधला नमुना आणि जिगरमधला लॉट यांतला फरक तुला मी सांगायला हवा का?

आणि समजा ते 55 टक्के खरे मानले, तरी सोमवारच्या त्या मीटिंगमध्ये निळ्या पोशाखातला प्रतिस्पर्धी कुठे बसणार आहे? गुण देणारा पंच कुठे आहे? समोर तुमचे मालक असतील, फार तर एचआरच्या बाई. त्यांच्यापुढे तू लाल घालून काय, कुस्ती खेळणार आहेस?

कपड्यांचा परिणाम होतच नाही, असं मी म्हणत नाही. उलट, तो फार होतो, आणि आपल्या मनाविरुद्ध होतो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना माणसांचे चेहरे दाखवले. तोच चेहरा एकदा जरा महाग वाटणाऱ्या कपड्यांत, एकदा जरा स्वस्त वाटणाऱ्या. फरक टोकाचा नव्हता, सूट विरुद्ध फाटका बनियन असा नव्हता. तरी महाग कपड्यांतला चेहरा लोकांना अधिक कर्तबगार वाटला. छायाचित्र सेकंदाच्या आठव्या भागाएवढंच दाखवलं तरी तेच. कपड्यांकडे लक्ष देऊ नका असं आधी बजावून सांगितलं, तरीही तेच. मला हा निष्कर्ष आवडत नाही. पण माझ्या आवडीनिवडीला कोण विचारतो.

लक्षात घे, त्या प्रयोगात कोणी रंगाचे अर्थ मोजले नव्हते. कपडा खर्चिक दिसतो की हलका, एवढंच डोळ्याने हेरलं. आणि कपडा हलका कशाने दिसतो, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असायला हवं? तुझ्या तक्त्यातला "अधिकाराचा" काळा घे. सुती कापडावर गडद काळा चढवायला लिटरला ऐंशी ग्रॅमच्या आसपास मीठ आणि भरपूर रंग लागतो. त्यातला काही धाग्याला बांधला जातच नाही, आणि साबणाने धुऊन काढताना कारखान्याने हात आखडता घेतला तर तो तुझ्या बनियनवर उतरतो. वीस धुण्यांनंतर शिवणीवर आणि कॉलरच्या घडीवर तंतू वर येतात आणि काळ्यावर राखाडी धुकं बसतं. तसा विटका काळा शर्ट घालून बसलेला माणूस अधिकारी दिसत नाही, थकलेला दिसतो. त्यापेक्षा नवा कोरा आकाशी शर्ट बरा. किंमत अर्धी असली तरी.

ग्रे स्केल आठवते? पाच म्हणजे बदल नाही, एक म्हणजे रंग पार उडाला. कपाटातला तुझा आवडता काळा शर्ट काढ, शिवणीच्या आतली बाजू आणि कॉलरची घडी शेजारी धर आणि स्वतःलाच प्रामाणिकपणे गुण दे. तीनच्या खाली आला तर तो घरी वापर. तुझ्या त्या तक्त्यातल्या सगळ्या शब्दांपेक्षा ही एक तपासणी जास्त कामाची आहे.

आता रंगाच्या अर्थांकडे येतो, कारण तिथेच तू सर्वांत जास्त घसरलास. काळा म्हणजे अधिकार, असं तक्ता सांगतो. तुझ्या आजीला विचार. साखरपुड्याला कोणी काळं नेसून निघाली तर ती दारातच अडवेल. पण संक्रांतीला तीच आजी नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवते, वर हलव्याचे दागिने घालते. रंग तोच, माणसं तीच, दिवस बदलला की अर्थ बदलला. नवरात्रात लोकलचा सगळा डबा एका रंगाचा दिसतो. तो रंग वर्तमानपत्रात छापून येतो आणि त्याचा हिशेब वाराचा असतो. सोमवार असला की पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा. त्या बुधवारी निळी साडी नेसलेल्या बाईकडे पाहून कोणी म्हणत नाही, की ही बाई विश्वासू वाटते. म्हणतात, हिने आजचा रंग पाळला. अर्थ रंगात नसतो रे, तो त्या दिवशीच्या, त्या खोलीतल्या माणसांच्या संकेतात असतो. तुझ्या ऑफिसमध्ये कोणता संकेत चालतो ते तक्ता बनवणाऱ्याला कुठून कळणार? तुला मात्र कळायला हवं. तिथे आठ तास तू बसतोस.

आणि त्याही आधी, रंग एकटा कधी दिसतच नाही. शेव्ह्रल हे नाव विसरला नसशील अशी आशा आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख. विणकरांची तक्रार यायची, की काळा रंग मेलेला वाटतो, रंगात काही खोट असणार. शेव्ह्रलने काळी लोकर तपासली, दुसऱ्या कारखान्यांच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात काही खोट नव्हती. खोट शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत होती. त्यांच्या शेजारी तोच काळा फिका दिसायचा. त्यातून त्याने 1839 मध्ये रंगांच्या परस्पर परिणामावर मोठा ग्रंथ लिहिला. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या रंगाऱ्याला जे कळलं, ते तुला निळा की मरून विचारताना सुचलं नाही. निळा कशाशेजारी? कोणत्या उजेडात? भिंत कशी आहे?

तुझी मीटिंग प्रत्यक्ष आहे की व्हिडिओवर, हेही तू सांगितलं नाहीस. मी विचारल्यावर म्हणालास, "अर्धी अर्धी, मालक मुंबईतून जोडले जातील." मग एचआरच्या बाईंना तू डोळ्यांनी दिसशील आणि मालकांना कॅमेऱ्याने, आणि कॅमेरा काही माणसासारखा बघत नाही. तो चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. लखलखीत पांढरा शर्ट घातलास तर चौकट फार उजळ आहे असं समजून तो उजेड कमी करतो आणि तुझा चेहरा काळवंडतो. उलट पूर्ण काळा घातलास तर तो उजेड वाढवतो आणि चेहरा धुपल्यासारखा फिका पडतो. बारीक चौकडीचा शर्ट असेल तर त्यावर लाटा सळसळतात, आणि मालकांचं लक्ष तुझ्या बोलण्याऐवजी त्या लाटांकडे जातं. तुमच्या मीटिंग रूमची मागची भिंत गडद निळी आहे, हे तूच बोलता बोलता सांगितलंस. त्या भिंतीपुढे नेव्ही शर्ट घातलास तर पडद्यावर फक्त तुझं मुंडकं तरंगेल. हा झाला रंगाचा खरा परिणाम. यात सत्ता नाही, विश्वास नाही, आहे तो फक्त उजेड.

म्हणून माझं उत्तर हवंच असेल तर घे. मध्यम आकाशी किंवा फिकट करडा, साधा, बिनचौकडीचा शर्ट. गडद पँट. नेव्ही मोजे आणि काळी पँट दुकानातल्या दिव्यात एकसारखे वाटतात आणि खिडकीशी उभं राहिलं की भांडायला लागतात, म्हणून सकाळी दिवसाच्या उजेडात एकदा बघून घे. आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून फोनवर दोन मिनिटांची चित्रफीत काढ. झालं. यापेक्षा जास्त विचार करण्याइतका हा प्रश्न मोठा नाही. आणि तुमच्या मालकांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नसेल तर? असे पुरुष कमी नाहीत. तुझ्याच बॅचमध्ये एकजण तपासणीत निघाला होता. त्याच्यापुढे तुझा मरून आणि तपकिरी एकच.

आता ज्यासाठी मी खरा चिडलो ते बोलू.

तू शर्टावर तीन संध्याकाळी घालवल्यास. मी विचारलं, हातात किती येतात? तू म्हणालास, "बारा लाखांचं पॅकेज आहे सर." मी विचारलं ते हे नव्हतं. मग पगारपत्रक वाचून दाखवायला लावलं आणि मीच कागदावर मांडलं. बारा लाखांतले एक लाख वीस हजार कामगिरीवर अवलंबून, वर्षअखेरीस मिळाले तर मिळाले. मूळ पगार महिना चाळीस हजार, त्याच्या बारा टक्क्यांप्रमाणे मालकाच्या वाट्याचा पीएफ वर्षाला 57,600. ग्रॅच्युइटीपोटी 23,000. हे सगळं काढलं की उरतात साधारण दहा लाख, म्हणजे महिना 83,000. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ 4,800 आणि प्रोफेशनल टॅक्सचे 200 गेले, की आयकर धरण्याआधी खात्यावर येतात 78,000. बारा लाखांचा माणूस खरं तर महिना अठ्ठ्याहत्तर हजारांचा.

सोमवारी मालक म्हणाले, "पंधरा टक्के वाढ दिली," की तू खुश होऊन मान डोलावशील. पंधरा टक्के म्हणजे एक लाख ऐंशी हजार. ते सगळेच्या सगळे त्या कामगिरीच्या खात्यात टाकले, तर तुझ्या महिन्याच्या पगारात एक रुपयाचाही फरक पडणार नाही. हे तुला मरून शर्ट सांगेल का?

आणि तुझ्या बाजूला काय आहे, तेही मलाच तुझ्या तोंडून काढावं लागलं. तू प्रयोगशाळा हातात घेतलीस तेव्हा शंभरांतले बावीस लॉट पुन्हा रंगवावे लागायचे. आज बारा. महिन्याला दोनशे लॉट निघतात, म्हणजे दर महिन्याला वीस लॉट वाचले. लॉट पाचशे किलोचा, आणि पुन्हा रंगवण्याचा खर्च तुझ्याच हिशेबाने किलोमागे चाळीस रुपये. एका लॉटचे वीस हजार, वीस लॉटचे चार लाख. वर्षाचे अठ्ठेचाळीस लाख. गाढवा, तू त्या मालकाचे वर्षाला अठ्ठेचाळीस लाख वाचवतोस आणि मला विचारतोस, निळा घालू की मरून!

हा आकडा त्यांच्या मनात नाही, हे मी खात्रीने सांगतो. मालकाच्या मनात असतो तो गेल्या वर्षीचा तुझा पगार. खोलीत जो आकडा पहिला पडतो, त्याच्या आसपासच पुढचं बोलणं घुटमळतं. यावर 2001 मध्ये गॅलिन्स्की आणि मुसवायलर यांनी केलेले प्रयोग चांगले आहेत, आणि ते शर्टाच्या प्रयोगांइतके डळमळीत नाहीत. पहिला प्रस्ताव मांडणाऱ्याला सहसा फायदा होतो. सहसा म्हणतो, नेहमी नव्हे. समोरच्याला बाजारभाव तुझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, तर तू स्वतःच कमी आकडा सांगून फसशील. म्हणून शनिवारी आसपासच्या तीन प्रोसेस हाउसमध्ये तुझ्या जागेवरचा माणूस काय घेतो, ते ओळखीच्यांना विचार. तुला फोन करायला लाज वाटत नाही हे मला कालच कळलं आहे.

मग एका कागदावर तीनच ओळी लिही. पहिली, वाचवलेले लॉट आणि त्यांचे रुपये. दुसरी, तुझी मागणी, आणि ती मूळ पगारात हवी हे ठळक. तिसरी, त्याहून खाली जाणार नाहीस असा आकडा. तिसरी ओळ त्यांना दाखवायची नाही. कागद पांढराच घे. त्याचाही रंग विचारू नकोस.

रविवारी संध्याकाळी सहाला मला फोन कर आणि ते तीन आकडे न अडखळता सांग. अडखळलास तर पुन्हा करायला लावीन. शर्टाचं नाव काढलंस तर फोन ठेवीन.